'उद्या अमावास्या आहे' : बोलणं एक, सांगणं दुसरं

हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आली की नाशिकमधल्या तालमींच्या खोल्यांमधून एक शब्द सारखा कानावर पडतो : सबटेक्स्ट. 'वाक्य बरोबर म्हणतोयस, पण सबटेक्स्ट येत नाहीये,' असं दिग्दर्शक म्हणतो आणि नवा नट मान डोलावतो. नेमकं काय आणायचं हे मात्र त्याला कळलेलं नसतं. प्रेक्षकांचंही तसंच होतं. एखादा प्रसंग आतून हलवून जातो, पण संवाद आठवून पाहावेत तर त्यात चहा, हवा, गाडी यांच्याशिवाय काहीच सापडत नाही.

सबटेक्स्ट म्हणजे पात्र तोंडाने जे बोलतं त्याच्या खाली वाहणारा, न बोललेला अर्थ. तो ओळखायला नाटकातलंच शिक्षण लागतं असं नाही. काही ठरावीक खुणा बघता आल्या की पुरतं. त्या एका छोट्या प्रसंगात बघू.

## आधी नुसतं वाचा

हा प्रसंग या लेखासाठी रचलेला आहे. पिंपळगाव बसवंतजवळचा द्राक्षमळा, फेब्रुवारीचा शेवट. बागायतदार आप्पा बांधावर उभे आहेत. व्यापारी शेठ गाडीतून उतरून बागेत येतात.

शेठ : आप्पा, बाग एकदम झकास आणलीये यंदा.
आप्पा : गेल्या वर्षीही वाईट नव्हती.
शेठ : गेल्या वर्षी मार्केटच पडलं हो. सगळ्यांचंच झालं.
आप्पा : गाडी नवी घेतली वाटतं.
शेठ : बँकेची आहे. नावाला आपली.
आप्पा : बरं आहे. बँक पावती तरी देते.
शेठ : (मणी तोंडात टाकत) अठरा ब्रिक्स तरी भरेल. उद्याच माल काढायला घ्यायचा का?
आप्पा : उद्या अमावास्या आहे.
शेठ : मग परवा घेऊ.
आप्पा : परवाचं परवा बघू. (घराकडे तोंड करून) अगं, चहा टाक. शेठना लांब जायचंय.

ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप. निर्यातीच्या द्राक्षाला ती साधारण अठराच्या आसपास लागते, म्हणजे माल तयार आहे. एवढं सोडलं तर इथे अवघड असा एकही शब्द नाही. कोणी आवाज चढवलेला नाही, कोणी कोणाला नाही म्हटलेलं नाही, शेवटी चहासुद्धा आहे. तरीही सौदा झाला नाही हे वाचणाऱ्याला कळतं. मग ते कुठून कळलं?

## आता एक गोष्ट सांगतो

गेल्या मार्चमध्ये याच शेठनी याच बागेचा माल उचलला होता. एक लाख चाळीस हजार रुपये अजून द्यायचे आहेत. 'आठ दिवसांत देतो' असं ठरलं होतं आणि पावती मात्र केली नव्हती. हे मनात ठेवून संवाद पुन्हा वाचा.

पहिल्या ओळीत शेठ 'यंदा' म्हणतात. त्यांना गेलं वर्ष नकोच आहे. आप्पा पुढच्याच वाक्यात ते परत आणतात, पण पैशांचं नाव न घेता. शेठना ते बरोबर कळतं, म्हणून ते न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देतात : मार्केट पडलं. आप्पांनी मार्केटबद्दल विचारलंच नव्हतं. पैसे का दिले नाहीत, या न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. मग गाडी येते. मार्केट पडलं असेल तर ही कुठून आली, एवढंच आप्पांना म्हणायचं आहे. शेठ पुन्हा खालच्याच प्रश्नाला उत्तर देतात : बँकेची आहे, म्हणजे माझ्याकडे पैसा नाही. त्यावर 'बँक पावती तरी देते' हे वाक्य येतं. या प्रसंगात खालचा अर्थ पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ येतो तो इथे. त्याच्या लगेच नंतर शेठ मणी तोंडात टाकतात आणि विषय बदलतात.

वर द्राक्षांचा संवाद चालू आहे आणि खाली उधारीचा. आणि खालच्या संवादाला स्वतःचा क्रम आहे : आठवण, सबब, सबबीवर शंका, दुसरी सबब, आरोप, माघार, नकार. सबटेक्स्ट ओळखणं म्हणजे हा खालचा क्रम वाचणं. एखाद्या वाक्यातून गूढ अर्थ खणून काढण्याचा त्याच्याशी संबंध नाही. खालचा क्रम सलग लागला, तर वाचन बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

## खूण कुठे बघायची?

पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने 1975 साली छापून आलेल्या एका निबंधात एक साधी गोष्ट मांडली. बोलणारी माणसं नकळत एक करार पाळत असतात : खरं बोलायचं, हवं तेवढंच बोलायचं, मुद्द्याला धरून बोलायचं आणि नीट कळेल असं बोलायचं. एखादं वाक्य हा करार उघडपणे मोडतं, तेव्हा ऐकणारा त्याला वेडं समजत नाही. 'असं का बोलला असेल?' याचा तो शोध घेतो. खालचा अर्थ या शोधात सापडतो.

म्हणून वाचताना प्रत्येक ओळ मागच्या ओळीशी जोडून बघायची. विचारलं किती आणि मिळालं किती? 'बाग झकास आहे' या कौतुकावर साधं उत्तर 'मेहनत केली' किंवा 'हवा बरी राहिली' असं येईल. गेल्या वर्षाचा उल्लेख ही मागितल्यापेक्षा जास्तीची माहिती आहे. गाडीचा विषय मुद्द्याला सोडून आहे. 'परवाचं परवा बघू' हे मागितल्यापेक्षा कमी आहे, कारण विचारलं होतं तारखेबद्दल. जास्त, भलतीकडचं आणि कमी या तीन जागी थांबायचं. जी ओळ मागच्या ओळीला बरोबर पुरते, तिथे सहसा शोधण्यासारखं काही नसतं.

## मराठीत ती एका अक्षरात लपते

मराठी संवाद वाचताना ही जागा सर्वांत जास्त फळ देते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. 'गेल्या वर्षीही वाईट नव्हती' यातला 'ही' काढून बघा. 'गेल्या वर्षी वाईट नव्हती' हे नुसतं निवेदन होतं, उलट यंदाची बाग वाईट आहे असा भलताच अर्थ त्याला चिकटतो. 'ही' आला की दोन्ही वर्षं शेजारी उभी राहतात : माल तेव्हाही चांगला होता, मग पैसे का नाहीत? आप्पांचं सगळं म्हणणं त्या एका अक्षरावर उभं आहे.

'बँक पावती तरी देते' मधला 'तरी' तसाच. 'बँक पावती देते' ही माहिती झाली. 'तरी' म्हटलं की जो पावती देत नाही असा कोणीतरी मागे उभा राहतो, आणि या बांधावर माणसं दोनच आहेत. 'गाडी नवी घेतली वाटतं' मधल्या 'वाटतं'ने आप्पांनी परतीची वाट ठेवली आहे. उद्या शेठ चिडले तर 'मी नुसतं विचारलं' असं म्हणता येईल. शेठचा 'पडलं हो' मधला 'हो' ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला ओढतो. सबब पुढे करणाऱ्या माणसाच्या तोंडी तो फार वेळा येतो.

'बघू'बद्दल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही, आणि हे दोघांनाही माहीत असतं. म्हणूनच तो शब्द नाकारणाऱ्याला सोयीचा आणि नाकारलेल्याला सहन होण्याजोगा असतो.

एखादा संवाद हातात आला की च, ही, तरी, वाटतं, म्हणे, बरं यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तो शब्द वगळून वाक्य पुन्हा म्हणा. काही हरवलं नाही तर तो शब्द भरतीचा आहे. काही हरवलं, तर काय हरवलं ते समासात लिहा. संबोधनांचंही असंच करा. 'तुम्ही' चालू असताना एकदम 'तू' आलं किंवा नेहमीच्या 'तू'च्या जागी 'आपण' आलं, तर नात्यात त्याच क्षणी काहीतरी सरकलेलं असतं.

## सरळ 'पैसे द्या' का म्हणत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर बागेत आहे. तयार झालेलं द्राक्ष वेलीवर फार दिवस थांबवता येत नाही. एखादा अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात आणि माल मातीमोल होतो. आप्पांना शेठचे पैसे हवे आहेत, पण बागेला गिऱ्हाईकही हवं आहे. दुसरा व्यापारी दोन दिवसांत मिळेलच असं नाही. तोंड फोडून मागितलं आणि शेठ उठून गेले, तर मागची बाकीही गेली. शेठचंही तसंच : बाकी मान्य केली तर आजच द्यावी लागेल, आणि साफ नाकारली तर या गावात पुढचा माल मिळणार नाही.

थेट बोलल्याने बोलणाऱ्याचं काही जाणार असेल, तिथेच सबटेक्स्ट तयार होतो. म्हणून प्रसंग वाचताना विचारायचं, 'याने सरळ बोललं तर त्याचं काय जाईल?' काहीच जाणार नसेल आणि तरी पात्र आडून बोलत असेल, तर लेखकाने उगाच गूढपणा आणलेला असतो. नवख्या एकांकिकांमध्ये हा दोष फार दिसतो. दोन मित्र, कसलीही अडचण नसताना, पानभर अर्धवट वाक्यं बोलत राहतात.

## गोदाकाठची जुनी ओळख

सबटेक्स्ट हा शब्द परका असला तरी गोष्ट इथली आहे, अक्षरशः गोदाकाठची. मराठी व्याकरणात शब्दशक्ती शिकताना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना आपण वाचलेल्या असतात. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. तो जुळेना म्हणून जवळचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. व्यंजनेत सरळ अर्थ जागेवर राहतो आणि त्याच्याबरोबर दुसराच अर्थ सुचवला जातो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने या सुचवलेल्या अर्थाला ध्वनी म्हटलं आणि त्यालाच काव्याचा आत्मा मानलं.

हे समजावताना त्याने सुरुवातीलाच दिलेलं उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातल्या एका गाथेचं आहे. ती गाथा सप्तशतीत आढळते. हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. याच सातवाहनांचे शिलालेख नाशिककरांना पांडवलेण्यांमुळे ओळखीचे आहेत. 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी गाथेची सुरुवात आहे. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते : महाराज, आता खुशाल हिंडा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदावरीच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या त्या मस्त सिंहाने.

वरवर हे आमंत्रण आहे : या. प्रत्यक्षात मनाई आहे : येऊ नका. जो कुत्र्याला घाबरत होता तो सिंहाच्या जाळीकडे कशाला फिरकेल? टीकाकार सांगतात की ती जाळी म्हणजे तिची आणि तिच्या प्रियकराची भेटीची जागा होती आणि हा गृहस्थ तिथे अडचण करत होता.

आता आपली खूण लावून बघा. 'कुत्रं मेलं, हिंडा' एवढं पुरेसं होतं. कुणी मारलं, तो कुठे राहतो आणि कसा आहे, हे सगळं जास्तीचं आहे. आप्पांच्या 'गेल्या वर्षी'सारखंच. इथेही सगळा अर्थ त्या जास्तीच्या माहितीत बसलेला आहे.

## पण हे आपणच कल्पून घेत नाही ना?

ही शंकासुद्धा जुनी आहे, आणि तिच्यावर झालेला वाद मोलाचा आहे. अकराव्या शतकात महिमभट्टाने म्हटलं की ध्वनी वगैरे वेगळं काही नाही, हे साधं अनुमान आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण ठरवतो, तसंच सिंह आहे म्हणून भित्रा माणूस जाणार नाही. त्याच शतकातल्या मम्मटाने उत्तर दिलं की हे अनुमान पक्कं नाही. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातो. कुत्र्याला टाळणारा सिंहाला भीत असेलच असं नाही. आणि काठावर सिंह आहे, याला तिच्या शब्दाखेरीज पुरावा काय?

म्हणजे खालचा अर्थ गणितासारखा सिद्ध होत नाही. तो किती घट्ट बसतो हे मात्र तपासता येतं.

'उद्या अमावास्या आहे' घ्या. आप्पा खरोखरच अमावास्येला काढणी सुरू करत नसतील. मग हा नकार आहे असं कशावरून? पहिली तपासणी : अडचण खरी असेल तर माणूस पर्याय स्वतः देतो. 'उद्या अमावास्या आहे, परवा सकाळी सातला माणसं घेऊन या' असं म्हणतो. आप्पांनी पर्याय दिला नाही. दुसरी तपासणी : सबब बाजूला केल्यावर काय उरतं? शेठनी 'परवा' म्हणून अमावास्या बाजूला केलीच, तरी होकार आला नाही. सबब गेली आणि नकार उरला, म्हणजे नकाराचं कारण ती सबब नव्हती. तिसरी तपासणी : हाच अर्थ दुसऱ्या एखाद्या ओळीतून वेगळ्या वाटेने येतो का? 'शेठना लांब जायचंय' हे शेठ बोललेच नव्हते. पाहुण्याने न काढलेली जाण्याची गोष्ट यजमान काढतो आहे. तिन्ही एकाच दिशेला जातात.

आणि आप्पा 'परवा या' म्हणाले असते, तर आपलं वाचन मोडलं असतं. ते तेव्हा सोडून द्यायला हवं. एकाच ओळीवर उभा केलेला खालचा अर्थ धरून ठेवू नये. निदान दोन जागा लागतात.

## टोमणा, थाप आणि ज्याला स्वतःलाच कळत नाही तो

टोमणा म्हणजेच सबटेक्स्ट, असा समज सर्रास आहे. पण टोमणा हा त्याचा एकच प्रकार, आणि तो समोरच्याला कळावा म्हणूनच मारलेला असतो. 'पावती तरी देते' हा टोमणा आहे. थाप उलट. खालची गोष्ट कळूच नये म्हणून ती मारतात, गाथेतल्या बाईने सिंह उभा केला तसा. तिसरा प्रकार सर्वांत अवघड : बोलणाऱ्याला स्वतःलाच खालचं धड माहीत नसतं किंवा ते बोलायचं बळ नसतं.

याचा नमुना रशियन नाटककार चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'च्या शेवटच्या अंकात आहे. हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरने 1904 साली रंगमंचावर आणलं. व्यापारी लोपाखिन घरमालकिणीच्या मानलेल्या मुलीला, वार्याला, लग्नाचं विचारणार, असं सगळे धरून आहेत. दोघांना मुद्दाम एकटं सोडलेलं आहे. ती सामानात काहीतरी शोधल्यासारखं करते. तो विचारतो, आता तुम्ही कुठे जाणार? मग हवेवर बोलतो : गेल्या वर्षी या दिवसांत बर्फ पडत होतं, आज ऊन आहे, पण थंडी आहे, उणे तीन अंश. ती म्हणते, मी पाहिलं नाही, आणि आमचा थर्मामीटर मोडलाय. बाहेरून त्याला कुणी हाक मारतं आणि तो ताबडतोब निघून जातो. ती जमिनीवर बसून रडते.

इथे टोमणा नाही, थापही नाही. हवेचा प्रत्येक उल्लेख म्हणजे न विचारलेला एकच प्रश्न. हा प्रकार ओळखायचा तर शब्द बाजूला ठेवून, या वेळी या खोलीत काय घडायला हवं होतं, ते विचारायचं. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तोच इथला सबटेक्स्ट.

## तालमीत कुठे बिघडतं?

मॉस्को आर्ट थिएटरचा दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की नटांना सांगे की पात्राला समोरच्याकडून काय हवं आहे ते आधी शोधा. तालमीत याचा उपयोग असा करतात : संहितेच्या समासात प्रत्येक वाक्याशेजारी एक क्रियापद लिहायचं. 'गाडी नवी घेतली वाटतं' शेजारी 'चाचपतो'. 'बँकेची आहे' शेजारी 'सटकतो'. 'चहा टाक' शेजारी 'निरोप देतो'. 'रागावलेला', 'दुःखी' अशी विशेषणं लिहायची नाहीत. विशेषण लिहिलं की नट नुसता चेहरा करतो. क्रियापद लिहिलं की तो समोरच्यावर काहीतरी करायला लागतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे खालचा अर्थ वर आणून दाखवणं. 'गाडी नवी घेतली वाटतं' हे आप्पांनी ओठ मुडपून, शब्द ओढत म्हटलं, तर शेठना ते ऐकून न ऐकल्यासारखं करताच येणार नाही. त्यांना भांडावं लागेल आणि प्रसंग चौथ्याच ओळीवर संपेल. ते वाक्य आधी गाडीबद्दलचं साधं वाक्य म्हणून खरं वाटलं पाहिजे. दुसरी चूक लेखकाची असते : प्रेक्षकांना कळणार नाही या भीतीने शेवटी 'आधी मागचे एक लाख चाळीस हजार द्या' असं आप्पांच्या तोंडी घालायचं. ते आलं की मागच्या नऊ ओळी वाया जातात.

प्रेक्षकाला ती बाकी माहीत असायला मात्र हवी, नाहीतर त्याला फक्त द्राक्षंच दिसतील. ती आधी पेरायची, आणि दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. शेठची गाडी बांधावर थांबायच्या आधी आप्पांची बायको उंबऱ्यात बसून वही उघडते, बोट ठेवून एक आकडा वाचते आणि विचारते, 'याच्यापुढे टिंब कशाला मारलंय?' आप्पा टोपी घालत म्हणतात, 'यायचेत अजून.' ती वही मिटते. एवढं झालं की 'गेल्या वर्षीही' या दोन शब्दांपाशी सबंध थिएटर सावध होतं.